सकाळी घसा खाकरणं आणि तोंडाला कडू चव: शेवटचा घास आणि उशी यांच्यातलं अंतर

सकाळी डोळे उघडल्यापासून घसा खाकरायला सुरुवात होते. घशाशी काहीतरी चिकट अडकलंय असं वाटतं, पण कितीही खाकरलं तरी हाताला फारसं काही लागत नाही. तोंड कडवट किंवा आंबट झालेलं असतं. दात घासून, पाणी पिऊन तासाभरात सगळं बरंच निवळतं आणि दिवसभर त्याची आठवणही राहत नाही. छातीत जळजळ नसते, म्हणून पोटाकडे लक्षच जात नाही. कफ झालाय, सर्दी मुरलीये, हवा बदलली, अशी कारणं महिनोन्‌महिने पुरतात.

अशा घशाची अनेक कारणं असतात. त्यातलं एक म्हणजे ॲसिड रिफ्लक्स, म्हणजे जठरातला आंबट रस उलटा अन्ननलिकेत आणि तिथून वर घशापर्यंत येणं. यावर काय खावं आणि काय खाऊ नये याच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. हा लेख त्या यादीबद्दल नाही. सकाळच्या घशासाठी, काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं आणि किती खाल्लं याचा हिशोब आधी करावा, असं माझं मत आहे. तो हिशोब कसा करायचा ते नव्याने सुरुवात करणाऱ्याला जमेल अशा क्रमाने खाली सांगतो.

रात्री नेमकं काय होतं

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते उघडतं आणि एरवी आवळलेलं राहतं. पण घास नसतानाही ते मधूनमधून काही सेकंद सैल पडतं. निरोगी माणसातही असं होतं आणि ढेकर याच वाटेने येते. जठर जितकं ताणलेलं, तितकं हे सैल पडणं वाढतं. म्हणजे भरपेट जेवणानंतरचे एक-दोन तास हे उलटं येण्याचे सर्वांत सोयीचे तास असतात.

दिवसा हे फारसं जाणवत नाही, कारण आपण उभे किंवा बसलेले असतो. वर आलेलं वजनानेच खाली उतरतं. शिवाय जागेपणी आपण नकळत सतत लाळ गिळत असतो. लाळ आम्ल सौम्य करते आणि प्रत्येक गिळण्याबरोबर अन्ननलिका धुतली जाते. झोपेत ही दोन्ही साधनं जातात. शरीर आडवं असतं, लाळ जवळजवळ बंद होते आणि गिळणं तासाला मोजक्या वेळांवर येतं. दिवसा मिनिटाभरात खाली गेलं असतं ते रात्री कितीतरी वेळ तिथेच राहतं. त्यातलं थोडं घशापर्यंत पोचलं, तर तिथलं अस्तर अन्ननलिकेइतकं कणखर नसतं. आम्लाबरोबर पेप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकरही वर येतं आणि तेही त्या अस्तराला त्रास देतं. घसा स्वतःला वाचवायला चिकट स्राव तयार करतो. सकाळी खाकरून काढायचा प्रयत्न होतो तो बहुतेक याच स्रावाचा. फुफ्फुसातला कफ वेगळा.

चवीबद्दल थोडं. आम्लाची चव आंबट असते. कडवटपणा बऱ्याचदा पित्तरसाचा असतो. तो लहान आतड्यातून थोडाफार जठरात परततो आणि आम्लाबरोबर वर येऊ शकतो. मात्र रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपलं, तोंड कोरडं पडलं किंवा काही प्रतिजैविकं चालू असली तरी सकाळी कडू लागतं. म्हणून एकट्या कडू चवीवरून रिफ्लक्सचा शिक्का मारू नये.

आता वेळेचा मुद्दा. घन आहाराचं साधारण जेवण निम्मं रिकामं व्हायला दोनेक तास लागतात आणि बहुतांश रिकामं व्हायला चार तासांच्या आसपास. जेवण तेलकट असेल तर जास्त. म्हणूनच शेवटचा घास आणि झोप यांत निदान तीन तास असावेत असं डॉक्टर सांगतात. तीन तास झाले की दार बंद होतं असं काही नाही, पण तोवर जठराचा ताण पुष्कळ उतरलेला असतो.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही न बदलता नोंद

हा आठवडा बहुतेक जण गाळतात आणि मग कशाचा उपयोग झाला हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा. रोज चार गोष्टी पुरेत: शेवटचा घास किती वाजता, आडवं किती वाजता झालो, जेवण नेहमीएवढं की जास्त, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चव आणि खाकरणं यांना शून्य ते तीन असे गुण. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे नकोसं झालं.

शेवटचा घास म्हणजे खरोखरचा शेवटचा. ताटावरून उठण्याची वेळ लिहू नका. नंतर उभ्या-उभ्या तोंडात टाकलेलं बिस्किट, झोपण्याआधीचं दूध, टीव्हीपुढचं चॉकलेट, सगळं धरायचं. फक्त पाणी वगळा. आणि आडवं होण्याची वेळ म्हणजे दिवा मालवण्याची नाही. सोफ्यावर पसरून मोबाईल बघत असाल तर ती वेळ लिहायची, कारण जठराला तुम्ही झोपलात की जागे आहात यापेक्षा तुम्ही आडवे आहात का, याचाच फरक आधी पडतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. समजा, एक चाळिशीतली नोकरदार बाई आहे. रात्री अकराला झोपते, सव्वासहाला उठते. घरी पोचायला पावणेनऊ होतात. विचारलं तर सांगते, "मी झोपायच्या आधी दीड तास तरी जेवते." आठवड्याची नोंद असं दाखवते: जेवण साडेनऊला सुरू, पावणेदहाला संपतं, सव्वादहाला काहीतरी गोड, आणि साडेदहापासून पलंगावर टेकून पुस्तक. म्हणजे खरं अंतर पंधरा मिनिटं. सातपैकी पाच सकाळी चवीला दोन किंवा तीन गुण.

उरलेल्या दोन सकाळींत जास्त माहिती आहे. रविवारी ती साडेसातलाच जेवली, नंतर काही खाल्लं नाही आणि साडेदहाला आडवी झाली. सोमवारी चव शून्य, खाकरणं एक. बुधवारी जेवणाची वेळ नेहमीचीच होती, पण भूक नव्हती म्हणून निम्मंच जेवली. गुरुवारी चव एक. उलट शनिवारी बाहेर भरपेट, तेलकट जेवण झालं. दहाला उठली आणि एकला झोपली. तीन तासांचं अंतर असूनही रविवारी सकाळी चव तीन. एवढ्यावरून दोन गोष्टी दिसतात: तिच्याबाबतीत वेळेचा संबंध आहे, आणि नुसतं घड्याळ पुरत नाही, ताटही बघावं लागतं.

तुमच्या नोंदीत लवकर जेवलेल्या आणि उशिरा जेवलेल्या रात्रींनंतरच्या सकाळी सारख्याच दिसत असतील, तर तेही उपयोगाचं आहे. अशा वेळी कारण दुसरीकडे शोधायला हवं. त्याबद्दल खाली.

दुसरी पायरी: झोपेच्या वेळेपासून उलटं मोजा

झोपायची वेळ पुढे ढकलून अंतर वाढवू नका. झोप कमी झाली की जळजळ आणि घशाचा त्रास जास्त जाणवतो, म्हणजे हाती काही लागत नाही. आडवं होण्याची वेळ पक्की धरा आणि तीन तास मागे या. अकराला आडवे होत असाल तर आठ वाजता स्वयंपाकघर बंद. ज्यांना हे शक्य आहे त्यांनी तेवढंच करावं, बाकी काही बदलू नये, आणि दोन आठवडे नोंद चालू ठेवावी.

पण खरा अडथळा इथेच असतो. आठला जेवायचं तर आठला घरी असायला हवं. आपल्या उदाहरणातल्या बाईला ते शक्य नाही आणि "लवकर जेवा" हा सल्ला तिला पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरतो. तिच्यासाठी पुढची पायरी आहे, आणि माझ्या मते बहुसंख्य लोकांचं काम तिथेच होतं.

तिसरी पायरी: वेळ हलत नसेल तर जेवणाचं वजन हलवा

रात्रीचं जेवण एकाच बैठकीत असायला हवं असं जठराचं काही म्हणणं नाही. ते दोन भागांत तोडा. मोठा भाग, म्हणजे साधारण दोन तृतीयांश, संध्याकाळी सहा-साडेसहाला, जिथे असाल तिथे. लहान भाग घरी आल्यावर. रात्री चार लोकांबरोबर बसण्याचा आनंदही राहतो आणि जठर ताणलं जात नाही.

संध्याकाळचा भाग खराखुरा जेवणाचा हवा. मूठभर काहीतरी चघळून भागवलं की रात्री घरी आल्यावर भूक खवळते आणि हात सैल सुटतो. मग तुम्ही एकाऐवजी दीड जेवण करता. हा बदल फसतो तो नव्वद टक्के वेळा इथे, असं म्हणायचा मोह होतो. टक्केवारी कोणी मोजलेली नाही, पण फसण्याची जागा हीच. त्यासाठी संध्याकाळच्या भागात पिष्ट पदार्थांबरोबर प्रथिनंही घ्या, म्हणजे नऊ वाजेपर्यंत पोट धरून राहतं. रात्रीच्या लहान भागात मात्र तेल-तूप कमी ठेवा, कारण स्निग्ध पदार्थ जठर रिकामं होणं लांबवतात. मऊ, हलकं आणि नेहमीच्या एक तृतीयांश एवढंच.

बाईचं वेळापत्रक आता असं होतं: सव्वासहाला कामाच्या ठिकाणी मोठा भाग, नऊला घरी लहान भाग, सव्वानऊला संपलं. सव्वादहाचं गोड हवंच असेल तर ते सव्वासहाच्या जेवणानंतर. पुस्तक खुर्चीत बसून वाचायचं आणि अकराला आडवं व्हायचं. अंतर पंधरा मिनिटांवरून पावणेदोन तासांवर गेलं आणि त्या वेळी जठरात जे आहे ते पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच आहे. तीन तास झाले नाहीत, तरी हे खूप आहे.

पाळीत काम करणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो, फक्त घड्याळ बघायचं नाही. सकाळी आठला झोपत असाल तर मोठं जेवण पहाटे चारच्या आत आणि घरी आल्यावर फारतर थोडं काही.

इथे एक सावधगिरी. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणाची वेळ किंवा प्रमाण आपल्या मनाने बदलू नका. रात्रीचं जेवण कमी केलं आणि डोस तोच राहिला, तर झोपेत साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून डोस आणि जेवण दोन्ही एकत्र हलवा. गरोदरपणी किंवा वजन आधीच कमी असताना जेवण तोडायला हरकत नाही, पण एकूण आहार घटवायचा नाही.

चौथी पायरी: जेवण आणि झोप यांच्या मधले तास

या वेळात काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे महत्त्वाचं. पोट दाबलं जाईल असं वाकून काम करणं, वजन उचलणं, पोटाचे व्यायाम, कमरेला घट्ट पट्टा किंवा इलॅस्टिक, हे सगळं जठरावरचा दाब वाढवतं. सोफ्यात घसरून, कंबर मोडून बसणं हेही त्यातच आलं. सावकाश चाललात तर उत्तम, नाहीतर ताठ बसलात तरी चालेल.

पाणी लागेल तेवढं प्या, पण दोन पेले एकदम रिचवू नका. पाण्यानेही जठर ताणलं जातं. दारू, कॉफी, चॉकलेट आणि पुदिना यांमुळे अनेकांचं ते स्नायूंचं कडं सैल पडतं. सगळ्यांना सगळ्याचा त्रास होत नाही, म्हणून सरसकट बंदी घालायची गरज नाही. संध्याकाळनंतर नको, एवढं पहिल्या महिन्यात पाळा आणि नोंदीत फरक पडतो का ते बघा. जेवणानंतर तोंड ताजं करायला पुदिन्याची गोळी चघळण्याची सवय असेल, तर ती मात्र आधी सोडून बघा. तोंड कडू म्हणून पुदिना आणि पुदिन्यामुळे पुन्हा तोंड कडू, असं चक्र मी पुष्कळांचं पाहिलंय. साखर नसलेलं, पुदिना नसलेलं च्युइंगगम अर्धा तास चघळलं तर उलट फायदा होतो, कारण लाळ वाढते आणि गिळणंही.

झोपताना घ्यायच्या गोळ्यांबाबत एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. काही गोळ्या, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन किंवा काही वेदनाशामकं, घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करतात. पूर्ण पेलाभर पाणी आणि नंतर निदान अर्धा तास उभं किंवा बसलेलं, असं ठेवा.

पाचवी पायरी: पलंग

जेवणाचं अंतर तीन तासांपर्यंत नेता येत नसेल, तर उरलेली कसर पलंगाने भरून काढा. पलंगाचे डोक्याकडचे पाय पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच करा, त्यांच्याखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवून. ते जमत नसेल तर कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारी गादी घ्या. दोन-तीन उशा रचणं हा उपाय नाही. त्याने मान आणि छाती पोटावर दुमडते, पोट दाबलं जातं आणि सकाळी मानही अवघडते.

कुशीवर झोपत असाल तर डावी कूस धरा. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर त्यातला रस अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीला राहतो. उजव्या कुशीवर तो तोंडाच्या वरच्या बाजूला येतो आणि वर आलेलं आम्ल निघून जायलाही जास्त वेळ लागतो. रात्रभर एकाच कुशीवर कोणी राहत नाही आणि राहायची गरजही नाही. झोपेच्या पहिल्या काही तासांतच उलटं येणं जास्त असतं, तेव्हा निदान झोपी जाताना डावी कूस असू द्या.

सहावी पायरी: सकाळचा घसा

रात्रीचं अंतर वाढलं तरी सकाळचं खाकरणं लगेच थांबत नाही. त्याला स्वतंत्र कारण आहे. जोराने खाकरताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याने सूज येते, सूज आली की काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि म्हणून पुन्हा खाकरलं जातं. मूळ त्रास संपल्यावरही ही सवय आपली आपण चालू राहते.

खाकरावंसं वाटलं की पाण्याचा छोटा घोट घ्या आणि हनुवटी किंचित खाली करून गिळा. पाणी नसेल तर लाळच जोर लावून गिळा. तरीही राहवत नसेल तर आवाज न करता 'ह' म्हटल्यासारखा श्वास झटक्यात बाहेर सोडा आणि लगेच गिळा. पहिले काही दिवस हे अर्धवट वाटतं, घसा मोकळा झाल्याचं समाधान मिळत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत ती ओढ कमी होते.

उठल्या-उठल्या आधी साध्या पाण्याने चूळ भरा. आंबट पाणी तोंडात आलेलं असेल तर लगेच दात घासू नका, कारण आम्लाने दातांचं वरचं आवरण थोडा वेळ मऊ झालेलं असतं. अर्ध्या तासाने घासा. उठताच रिकाम्या पोटी लिंबूपाणी घ्यायची सवय असेल तर या काळात ती बाजूला ठेवा. सुजलेल्या घशावरून आम्लच पुन्हा जातं.

किती दिवस थांबायचं

कडू चव आधी कमी होते. वेळ आणि प्रमाण नीट पाळलं तर बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत नोंदीत फरक दिसायला हवा. खाकरणं मागून येतं. घशाची सूज उतरायला वेळ लागतो, म्हणून त्याला दोन महिने द्या. आपल्या बाईची नोंद तिसऱ्या आठवड्यात अशी दिसली तर ती योग्य वाटेवर आहे: चवीला दोन किंवा तीन गुण असलेल्या सकाळी पाचऐवजी एक-दोन, खाकरणं मात्र जवळपास तेवढंच. इथेच बरेच जण "घशाला काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. चव सुधारली हीच खूण आहे की रात्री वर येणं कमी झालंय.

एखाद्या रात्री बाहेरचं भरपेट जेवण झालं आणि सकाळी पुन्हा तीन गुण पडले, तर त्यात बिघडलं काही नाही. त्या रात्री पलंगाची उंची आणि डावी कूस तेवढी सांभाळा.

गोळ्यांचा प्रश्न

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांच्या वर्गातल्या गोळ्या अनेकांच्या घरात असतात आणि पुष्कळ जण त्या रात्री झोपताना घेतात. त्यांची ही सर्वांत वाईट वेळ. या गोळ्या जठरातले आम्ल तयार करणारे पंप काम करत असतानाच त्यांना बंद करतात, आणि पंप जेवणाने चालू होतात. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास ही वेळ. शिवाय या गोळ्या आम्ल कमी करतात, जठरातला रस वर येणं थांबवत नाहीत. कमी आम्ल असलेलं पाणी, पित्त आणि पेप्सिन वर येतच राहू शकतं. ब्रिटनमध्ये घशाची जुनाट तक्रार असलेल्या ३४६ जणांवर झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा सोळा आठवडे घेणाऱ्यांना औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. जळजळ असेल तर या गोळ्या चांगल्या चालतात. नुसत्या घशासाठी महिनोन्‌महिने स्वतःहून घेत राहण्यात अर्थ नाही.

अल्जिनेट असलेली पातळ औषधं वेगळ्या तऱ्हेने काम करतात. जठरातल्या रसावर ती जेलीसारखा थर धरतात. ती जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी घ्यायची आणि त्यावर काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर थर मोडतो. त्यांत सोडियम असतं, म्हणून रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी विचारून घ्यावीत.

नोंद जुळत नसेल तर

लवकर जेवूनही सकाळ तशीच असेल तर आधी नाक बघा. नाकाच्या मागून घशात उतरणारा स्राव, ॲलर्जी, तोंडाने श्वास, घोरणं, धूम्रपान यांनी अगदी असाच घसा होतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गातल्या औषधांनी कोरडा खोकला आणि घशाची खवखव होते. दम्याच्या काही इनहेलरनंतर चूळ न भरल्यानेही होते. आणि काहींना घशापर्यंत येणारं रिफ्लक्स रात्री नसतंच, दुपारच्या भरपेट जेवणानंतर बसल्या-बसल्या येतं. त्यांचं खाकरणं जेवणानंतर वाढतं. त्यांनी रात्रीऐवजी दुपारचं ताट तोडावं. वजन कमी करायच्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी जठर मुळातच सावकाश रिकामं होतं. ती घेणाऱ्यांना तीन तासही अपुरे पडू शकतात, आणि ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायला हवं.

काही गोष्टींसाठी मात्र वाट बघत नोंद लिहीत बसू नका. गिळताना घास अडकणं किंवा दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, मानेत गाठ, चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरा आवाज, एकाच कानात सतत दुखणं, झोपेत गुदमरून उठणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे लगेच जा. छातीत दाबल्यासारखं दुखून हात, जबडा किंवा पाठीकडे कळ जात असेल किंवा घाम फुटत असेल, तर ते ॲसिडिटी समजून घरी थांबू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा.

दोन महिन्यांत खाकरणं हललंच नाही, तर नाक-कान-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने स्वरयंत्र पाहतात. घसा लाल दिसला म्हणजे रिफ्लक्स सिद्ध होत नाही, तसा घसा निरोगी माणसाचाही दिसू शकतो. खात्री करायची असेल तर नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत ठेवून चोवीस तास आम्ल आणि वर येणारा रस मोजतात. त्या दिवशी तब्येत सांभाळून, लवकर जेवून बसू नका. ज्या वेळी आणि जेवढं एरवी जेवता, ज्या वेळी झोपता, तसंच त्या दिवशी करा. नाहीतर चाचणी तुमच्या चांगल्या रात्रीची होईल आणि त्रासाची रात्र नोंदवलीच जाणार नाही.